एका सांध्यात दोन एन्कोडर: निवडीपासून भरवशाच्या वाचनापर्यंत

सहा सांध्यांच्या यंत्रहाताचा खांदा आमच्याकडे होता. खांद्याच्या अक्षापासून हाताच्या टोकापर्यंत ६०० मिलिमीटर अंतर, आणि टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आत पोहोचलं पाहिजे ही अट. कोन मोजणाऱ्या एन्कोडरचे कॅटलॉग उघडण्याआधी मी हा हिशोब कागदावर मांडला, कारण पुढची सगळी निवड त्याच आकड्यावर उभी राहते. ०.५ भागिले ६०० म्हणजे सुमारे ०.०००८३ रेडियन, म्हणजे ०.०४८ अंश. खांद्याचा कोन आम्हाला अंशाच्या विसाव्या भागाइतका खरा कळायला हवा होता.

चौदा बिटांचा चुंबकीय एन्कोडर एका फेरीचे १६,३८४ भाग करतो. एक भाग ०.०२२ अंशांचा. अटीपेक्षा दुपटीने बारीक, त्यामुळे एक स्वस्त चिप थेट सांध्याच्या आउटपुटवर लावून काम भागेल असं पहिल्या नजरेत कोणालाही वाटेल. पण तो आकडा रिझोल्यूशनचा आहे, अचूकतेचा नाही. शाफ्टच्या टोकावर चुंबक आणि त्यासमोर चिप अशा रचनेत चुंबक थोडा जरी मध्यापासून सरकलेला असला, किंवा चिप किंचित तिरकी बसली असली, तरी वाचलेला कोन खऱ्या कोनाभोवती एका फेरीत एकदा किंवा दोनदा वरखाली होतो. दुरुस्ती न करता ही चूक अंशभरापर्यंत सहज जाते. ६०० मिलिमीटरवर एक अंश म्हणजे साडेदहा मिलिमीटर. बारीक खुणा असलेली पण वाकडी छापलेली पट्टी जशी, तसं हे रिझोल्यूशन. मला विचाराल तर एन्कोडर घेताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण कॅटलॉगच्या पहिल्या पानावर बिटांची संख्या ठळक असते आणि रेषीयतेची चूक आतल्या तक्त्यात.

मग ऑप्टिकल का नको? काचेच्या चकतीवर कोरलेल्या रेषा चुंबकाच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी नेमक्या असतात, आणि चांगला ऑप्टिकल एन्कोडर ही अट आरामात पुरी करतो. पण चकती कितीही नेमकी असली तरी तिला नेमकं बसवावं लागतं. रेषांची त्रिज्या १० मिलिमीटर असेल आणि चकती मध्यापासून फक्त ०.०२ मिलिमीटर सरकलेली असेल, तर एका फेरीत ±०.००२ रेडियनची, म्हणजे ०.११ अंशांची चूक येते. आमच्या अटीच्या दुपटीहून जास्त. समोरासमोर १८० अंशांवर दोन वाचक-शिरं लावून सरासरी घेतली की ही चूक जवळपास नाहीशी होते, पण सांध्यात तेवढी जागा हवी. शिवाय आमच्या सांध्यात गिअरचं ग्रीस होतं. सील जुनं झालं की ग्रीसचा पातळ थर बाहेर झिरपतो, आणि तो चकतीवर पोहोचला की प्रकाशाचा सिग्नल हळूहळू क्षीण होत जातो. कोरड्या, बंद आणि थंड जागेत मी ऑप्टिकलच निवडला असता. इथे नाही.

इन्क्रिमेंटल की अ‍ॅब्सोल्यूट, हा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि अनेकदा तो ऑप्टिकल-चुंबकीय या प्रश्नात उगाच मिसळला जातो. दोन्ही तंत्रांत दोन्ही प्रकार मिळतात. इन्क्रिमेंटल एन्कोडर ए आणि बी अशा दोन वाहिन्यांवर पाव आवर्तनाच्या फरकाने स्पंदनं देतो. कुठली आधी चढली त्यावरून दिशा कळते, आणि चारही कडा मोजल्या तर १००० रेषांच्या चकतीतून फेरीला ४००० काउंट मिळतात. तो फक्त ‘किती हललो’ हे सांगतो. वीज गेली की मोजणी शून्य, आणि पुन्हा चालू केल्यावर सांधा संदर्भ-स्विचपर्यंत नेऊन होमिंग करावं लागतं. एका सरळ रेलवर चालणाऱ्या यंत्राला हे चालतं. खांद्याला नाही, कारण वीज गेली तेव्हा हात कुठल्या अवस्थेत होता आणि होमिंगच्या वाटेत काय आहे हे कंट्रोलरला माहीतच नसतं. हात एखाद्या खाचेत शिरलेला असेल तर घराकडे जाणारी पहिलीच हालचाल धडक देते. म्हणून खांद्याला वीज येताच न हलता कळणारा, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट कोन हवाच, हे पक्कं झालं.

इन्क्रिमेंटलला मी कमी लेखत नाही. मोटरचा वेग मोजायला तो उत्तम, आणि त्याच्या आरोग्याची एक सुंदर चाचणी त्याच्यातच असते: फेरीला एकदा येणारं इंडेक्स स्पंदन. दोन इंडेक्सच्या मध्ये ४००० काउंट यायलाच हवेत. कधी ३९९८, कधी ४००३ आले तर तारेत गोंगाट शिरतोय किंवा कडा हुकताहेत. ही तपासणी प्रोग्राममध्ये नसेल तर चूक फेरीमागून फेरी साठत जाते आणि कळतच नाही. कडा मोजायला मायक्रोकंट्रोलरच्या टायमरचा एन्कोडर मोड वापरावा. ३००० आरपीएमला ४००० काउंट म्हणजे सेकंदाला दोन लाख कडा. प्रत्येक कडेला इंटरप्ट द्यायला गेलात तर प्रोसेसर दुसरं काही करू शकत नाही.

आता मूळ पेच. अ‍ॅब्सोल्यूट हवा, ग्रीस सोसणारा हवा, म्हणजे चुंबकीय. पण चुंबकीय आउटपुटवर लावला तर एक अंशाची चूक. यातून सुटका गिअरबॉक्सने केली. आमच्या सांध्यात ५०:१ चा स्ट्रेन-वेव्ह गिअर होता. तोच एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर लावला तर त्याची एक अंशाची चूक आउटपुटवर पन्नासाने भागली जाते: ०.०२ अंश, टोकाशी ०.२ मिलिमीटर. अचूकता मिळाली, पण मोटर पन्नास फेऱ्या घेते तेव्हा सांधा एक. मोटरचा एन्कोडर २५४ अंश दाखवत असेल तर ते कुठल्या फेरीतले २५४ अंश, हे वीज आल्यावर कळत नाही. त्यासाठी दुसरा एन्कोडर आउटपुटवर. त्याने फक्त फेरीचा क्रमांक सांगायचा. मोटरची एक फेरी म्हणजे आउटपुटचे ७.२ अंश, म्हणून आउटपुटच्या एन्कोडरची चूक ±३.६ अंशांच्या आत राहिली की क्रमांक बरोबर निघतो. एक अंश चुकणारी स्वस्त चिप इथे निश्चिंतपणे चालते. मोटरकडचा खरा कोन सांगतो, आउटपुटकडचा फेरी सांगतो.

हिशोब असा. θo हा आउटपुटच्या एन्कोडरचा कोन, θm मोटरच्या एन्कोडरचा, n फेरीचा क्रमांक आणि θ सांध्याचा खरा कोन. दोन्ही कोन एकाच यांत्रिक शून्याला जुळवलेले आणि एकाच दिशेने वाढणारे असावेत. स्ट्रेन-वेव्हच्या नेहमीच्या जोडणीत आउटपुट मोटरच्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे एका कोनाचं चिन्ह आधी बदलून घ्यावं लागतं.

```
n = round((50*θo - θm) / 360)
θ = (360*n + θm) / 50
```

समजा आउटपुटचा एन्कोडर ४१.३ अंश दाखवतोय आणि मोटरचा २५४.०. पन्नास गुणिले ४१.३ म्हणजे २०६५, त्यातून २५४ वजा केले की १८११, आणि ३६० ने भागल्यावर ५.०३. जवळचा पूर्णांक ५. मग सांध्याचा कोन (१८०० + २५४) भागिले ५०, म्हणजे ४१.०८ अंश. आउटपुटचा एन्कोडर ०.२२ अंशाने चुकत होता, तरी अंतिम उत्तरावर त्याचा काहीच परिणाम नाही. आणि ५.०३ मधला तो ०.०३ फेकून देऊ नका. मी तो सतत नोंदवतो. दोन्ही एन्कोडर, गिअर आणि मधली कपलिंग ठीक असतील तर हा शेष शून्याजवळ राहतो. पाव फेरीच्या, म्हणजे आउटपुटच्या १.८ अंशांच्या पलीकडे गेला तर काहीतरी घसरलंय: कपलिंगचा स्क्रू, चुंबकाचा गोंद किंवा गिअरचा दात. एकट्या एन्कोडरला स्वतःची घसरण कधीच कळत नाही. दोन असले की कळते. नुसत्या या कारणासाठीही मी दुसरा एन्कोडर लावीन.

दोन्हीकडे मी AS5047P ही चिप घेतली. ती एसपीआय या सिरियल बसवर बोलते आणि तिला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला छोटा गोल चुंबक लागतो. सपाट तोंडांवर उत्तर-दक्षिण ध्रुव असलेला नेहमीचा गोल चुंबक इथे निरुपयोगी, कारण तो फिरला तरी चिपसमोरचं क्षेत्र बदलत नाही. चुंबक थेट पोलादी शाफ्टच्या भोकात बसवू नये. पोलाद क्षेत्र स्वतःकडे ओढून घेतं. आम्ही पितळेची टोपी करून घेतली, तिच्यात चुंबक दाबून बसवला आणि वर गोंद लावला. अंतर बरोबर आहे का हे चिपच सांगते. तिच्या DIAAGC रजिस्टरमध्ये ० ते २५५ असा एक आकडा असतो, तिने आतला गेन किती वाढवला याचा. २५५ जवळ असेल तर चुंबक दूर किंवा अशक्त, ० जवळ असेल तर फार जवळ. आम्ही शिम घालत-काढत तो मधल्या पट्ट्यात आणला आणि शाफ्ट पूर्ण फेरी फिरवून पाहिला. फेरीभर हा आकडा फारसा हलला नाही तर चुंबक डगमगत नाही असं समजायला हरकत नाही.

मोटरच्या मागे विद्युतचुंबकीय ब्रेक होता, आणि एन्कोडर त्याच्याही मागे. शाफ्ट शिकंज्यात घट्ट आवळून ठेवला, ब्रेकला वीज दिली, काढली, आणि वाचन पाहिलं. शाफ्ट जागचा हलत नव्हता, तरी कोन सुमारे दीड अंश सरकत होता. शाफ्ट वेगळ्या कोनात आवळला की सरकण्याची दिशाही बदलायची. म्हणजे बाहेरचं क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्रात मिसळत होतं. आम्ही चिप आणखी मागे नेली आणि ब्रेकला लागून मऊ लोखंडाची चकती बसवली. सरकणं बरंचसं घटलं, पूर्ण गेलं नाही. जेवढं उरलं त्याची व्यवस्था कॅलिब्रेशनमध्ये केली: सांधा नेहमी ब्रेक सोडूनच हलतो, म्हणून दुरुस्तीचा तक्ताही ब्रेक सोडलेल्या अवस्थेतच घ्यायचा. वीज आल्यावरचं पहिलं वाचन ब्रेक लागलेला असताना होतं, पण त्यातून फक्त फेरीचा क्रमांक काढायचा असल्याने मोटरच्या अंशभराने बिघडत नाही. ब्रेक सुटल्यावर कोन पुन्हा वाचायचा.

वाचनाचा भाग वरवर पाहता दोन ओळींचा आहे.

```c
bool read_angle(uint16_t *out) {
    spi16(0xFFFF);              // ANGLECOM
    uint16_t w = spi16(0xFFFF);
    if (__builtin_parity(w)) return false;
    if (w & 0x4000) return false;
    *out = w & 0x3FFF;
    return true;
}
```

इथे `spi16` प्रत्येक सोळा बिटांसाठी चिप-सिलेक्ट खाली आणून परत वर नेतं. उत्तर नेहमी पुढच्या फ्रेममध्ये येतं. हे लक्षात घेतलं नाही तर मागच्या आज्ञेचं उत्तर आत्ताचं समजून वाचलं जातं, आणि एकच रजिस्टर सतत वाचत असाल तर ते दिसतही नाही. दुसरं रजिस्टर मध्ये वाचलं की एक उडी दिसते. एसपीआयचा मोड १ असावा. मोड ० ठेवला तर बिट सरकतात, पण कचरा वाचला तरी पॅरिटी निम्म्या वेळा योगायोगाने जुळते. ‘निम्मी वाचनं नाकारली जाताहेत’ असं दिसलं की मी सगळ्यात आधी मोड तपासतो.

पॅरिटी आणि बिट १४ मधला चूक दाखवणारा झेंडा, एवढं पुरेसं आहे का? नाही, आणि यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. समजा चिपकडून येणारी डेटा तार तुटली आणि मायक्रोकंट्रोलरला सगळे शून्य दिसू लागले. 0x0000 मध्ये एकाची संख्या शून्य, म्हणजे सम, म्हणून पॅरिटी बरोबर. चूक दाखवणारा झेंडाही शून्य. कोन शून्य अंश. तुटलेली तार अगदी वैध वाटणारं वाचन देते. आम्ही त्या तारेवर पुल-अप रेझिस्टर लावला, जेणेकरून तार तुटली तर 0xFFFF वाचलं जाईल. त्याचीही पॅरिटी जुळते, पण बिट १४ मध्ये एक असल्याने ते नाकारलं जातं. तार जमिनीला चिकटली तर पुल-अपचा उपयोग नाही, म्हणून दर काही वाचनांनंतर DIAAGC वाचतो. चिप नीट चालू असेल तर त्यातला LF बिट एक असायलाच हवा. सगळे शून्य आले तर तो शून्य दिसतो आणि लबाडी उघडी पडते. कनेक्टर मुद्दाम सैल करून, एकेक तार उपटून या प्रत्येक अवस्थेत काय वाचलं जातं ते आम्ही टेबलावरच पाहून घेतलं.

यावर शेवटची चाळण गतीची. मोटर जास्तीत जास्त ३००० आरपीएमने फिरते आणि आम्ही मिलिसेकंदाला एकदा वाचतो, म्हणजे दोन वाचनांत १८ अंशांपेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. अंदाजापेक्षा ३० अंशांहून दूरचं वाचन नाकारायचं आणि तेवढ्यापुरता मागच्या वेगावरून अंदाज वापरायचा. पण किती वेळ? पूर्ण वेगात दहा वाचनं सलग हुकली तर मोटर अर्धी फेरी पुढे गेलेली असते, आणि मग ती पुढे गेली की मागे आली हे ठरवता येत नाही. म्हणून पाच सलग नकारांनंतर मोटर थांबवायची, आउटपुटचा एन्कोडर वाचून फेरीचा क्रमांक नव्याने काढायचा. त्याआधी ERRFL रजिस्टर वाचावं लागतं, कारण वाचल्याशिवाय जुनी चूक पुसली जात नाही.

तारांचं म्हणाल तर, ही चिप दहा मेगाहर्ट्झपर्यंत चालते, पण आम्ही एका मेगाहर्ट्झवर ठेवली. दोन फ्रेमना ३२ मायक्रोसेकंद लागतात, मिलिसेकंदाच्या चक्रात ते काहीच नाही. क्लॉक आणि डेटा, दोघांबरोबर स्वतःची ग्राउंडची तार पिळून नेली. मोटरच्या तीन तारा त्याच वाटेने न्यायचा मोह आवरला. मायक्रोकंट्रोलर सांध्यातच बसवला आणि तिथून पुढे कॅन बसवर कोन पाठवला. मुळात एकाच बोर्डवरच्या छोट्या अंतरासाठी असलेली एसपीआय दीड-दोन मीटर केबलमधून ओढू नये. तेवढं लांब जायचंच असेल तर डिफरन्शियल तारांवर चालणारा आणि सीआरसी पाठवणारा बीआयएसएस-सी सारखा इंटरफेस असलेला एन्कोडर घ्यावा.

कॅलिब्रेशन सोपं निघालं, कारण एक एन्कोडर दुसऱ्याचं माप झाला. सांधा सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, परत आणला, आणि प्रत्येक क्षणी मोटरवरून काढलेला कोन व आउटपुटचा कोन यांतला फरक नोंदवला. दोन्ही दिशांची सरासरी घेतली की घर्षणामुळे गिअरला पडणारा पीळ निघून जातो. आउटपुटच्या एन्कोडरची चूक फेरीला एकदा वरखाली होणारी स्वच्छ लाट म्हणून आलेखावर उमटली, सुमारे ०.७ अंश उंचीची. ती वजा केल्यावर शेष इतका लहान झाला की घसरण ओळखायची मर्यादा आम्हाला बरीच खाली आणता आली.

या रचनेला एक मर्यादा आहे. मोटरचा एन्कोडर गिअरच्या पुढचं काही पाहत नाही. स्ट्रेन-वेव्ह गिअरची ताठरता १०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन धरली आणि सांध्यावर १० न्यूटन-मीटरचा भार आला, तर गिअर ०.००१ रेडियन पिळतो आणि टोक ०.६ मिलिमीटर खाली बसतं. आमची अट एवढ्यानेच मोडते, आणि मोटरचा एन्कोडर मात्र सगळं बरोबर असल्याचं सांगत राहतो. आम्ही टोकाला ज्ञात वजनं टांगून डायल गेजने बसणं मोजलं, त्यातून ताठरता काढली आणि हाताच्या अवस्थेनुसार येणारा गुरुत्वाचा भार भागिले ताठरता एवढी दुरुस्ती कोनात मिळवली. भार आधीच माहीत असतो तोवर हे चालतं. टोकाने अनोळखी वजनं उचलायची असतील, किंवा स्ट्रेन-वेव्हऐवजी ०.२ अंश बॅकलॅश असलेला साधा प्लॅनेटरी गिअर असेल, तर आउटपुटवरच खऱ्या अर्थाने अचूक एन्कोडर लागतो: मोठ्या व्यासाची ऑप्टिकल चकती आणि दोन वाचक-शिरं, किंवा अनेक ध्रुवांची चुंबकीय कडी. मनगटाच्या सांध्याला मात्र यातलं काहीच लागलं नाही. तिथून टोकापर्यंत अंतर ८० मिलिमीटर, म्हणजे तेवढ्याच अर्ध्या मिलिमीटरसाठी ०.३६ अंश पुरतात, आणि दुरुस्तीचा तक्ता लावलेला एकच चुंबकीय एन्कोडर आउटपुटवर बसवून तो सांधा चालू आहे.